‘पर माय लास्ट ईमेल’ला उत्तर येत नाही तेव्हा

«मीम ठीक आहे हो, पण समोरचा मेल वाचतच नसेल तर दुसरं लिहायचं तरी काय?»

‘पर माय लास्ट ईमेल’, म्हणजे ‘मागच्या मेलमध्ये लिहिलंच होतं’, या ऑफिसातल्या टोमण्याच्या मीमवरचा हा प्रश्न. मी लोट्याच्या एमआयडीसीत खरेदी विभागात काम करते. ते वाक्य बोचतं ते बहुतेक वेळा सीसीमुळे. समोरच्याच्या साहेबांना सीसीत घातलं की ती नुसती आठवण राहत नाही, तक्रार होते. शिवाय जुनी मेल शोधायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं.

पंपाच्या सीलची मंजुरी अडकली तेव्हा मी त्याच थ्रेडवर रिप्लाय केला. प्रश्न पुन्हा वर लिहिला: ‘दोनपैकी कुठलं सील मागवू? कोटेशन शुक्रवारपर्यंतच चालेल, नंतर दर नव्याने घ्यावे लागतील.’ टूमध्ये एकच नाव, सीसी रिकामं. सोमवारी सकाळी पाठवलं नाही, कारण शनिवार-रविवारच्या मेलांखाली ते गाडलं जातं. दुपारी पाठवलं, संध्याकाळी उत्तर आलं.

तरीही उत्तर नाही आलं तर फोन करा आणि लगेच ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’ अशी दोन ओळींची मेल टाका. अप्रेझलच्या वेळी कामाला उशीर कुणामुळे झाला हा विषय निघतोच, तेव्हा तारखेसकट तीच कामी येते. साहेबच मुद्दाम टाळत असतील तर मात्र यातलं काहीच चालत नाही.