ऑक्सिजन मास्कबद्दल फिरणारा मेसेज

"विमानात मास्क खाली आला आणि त्याची पिशवी फुगली नाही तर तो बंद आहे, लगेच काढून दुसरा घ्या." बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर हे फिरतंय.

यातला सल्ला उलटा आणि धोक्याचा आहे. पिशवी न फुगताही ऑक्सिजन येत असतो.

उंचावर इंजिनातून दाबलेली हवा केबिनमध्ये येत राहते आणि शेपटीकडची झडप ती मोजून बाहेर सोडते. त्यामुळे विमान ३५,००० फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका राहतो. हा दाब अचानक गेला की मोठा आवाज होतो, धुकं पसरतं, कान दुखतात. आतली हवा सुमारे १४,००० फुटांइतकी विरळ झाली की मास्क आपोआप सुटतात.

मास्क जोरात ओढायचा, कारण बहुतेक विमानांत त्या ओढीनेच वरचं ऑक्सिजन तयार करणारं रासायनिक जनित्र सुरू होतं. ते तापतं, म्हणून जळका वास येतो. ती आग नव्हे. ३५,००० फुटांवर दाब गेला तर शुद्ध जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकते. मास्क बदलण्यात ती वेळ घालवली तर संपलंच. आधी स्वतःला, मग मुलाला लावा.

ऑक्सिजन साधारण १२ मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिक १०,००० फुटांवर येतो, म्हणून विमान झपाट्याने उतरतं. ते कोसळत नसतं.

मास्क काढायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर काढून टाका.