परत आला? आल्या पावली विका!

ऑनलाइन विक्री करता म्हणजे माल परत येणारच. ग्राहकाला रंग आवडत नाही, मापात चूक होते, किंवा वस्तू पोचेपर्यंत तिची गरजच संपते. यात डोक्याला ताप करून घेण्यासारखं काही नाही. ताप होतो तो परत आलेल्या मालाची नोंद ठेवू पाहणाऱ्यांना. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हा सल्ला, तोही फुकट.

पहिलं पथ्य असं की स्टॉकचा आकडा एकच असावा. काही अतिशहाणे विक्रेते एकाच वस्तूचे चार-पाच आकडे ठेवतात: विक्रीयोग्य इतके, तपासणी बाकी इतके, खराब इतके, क्वारंटाइनमध्ये इतके, वाटेत इतके. एवढे आकडे कोण वाचणार? स्क्रीनवर एक ठसठशीत आकडा हवा, आणि तो शक्यतो वाढता हवा. वाढता आकडा बघून मालकाला बरं वाटतं, आणि इन्व्हेंटरीचं दुसरं काम तरी काय असतं?

दुसरं पथ्य सेटिंगचं. रिफंड देताना बहुतेक सॉफ्टवेअर एक चौकोन दाखवतं: वस्तू स्टॉकमध्ये परत घ्यायची का? तिथे कायमची टिक करून ठेवा. पैसे गेले म्हणजे वस्तू आली, हा साधा व्यवहार आहे. ती वस्तू अजून कुरिअरच्या गाडीत आहे, की ग्राहकाच्या सोफ्याखाली, हे तपशील लेखकांसाठी सोडा.

आता हे प्रत्यक्षात कसं बहरतं ते बघू. समजा, तुम्ही दाढीचे ट्रिमर विकता. रॅकवर 40 नग आहेत, सगळे नवे, सीलबंद. या आठवड्यात 12 ग्राहकांनी माल परत केला. कुरिअरने पार्सल उचलल्याची सूचना येताच रिफंड गेले, चौकोनावर टिक होतीच, आकडा 52 झाला. चार दिवसांनी गोदामाच्या दाराशी 11 खोकी आली. दारावरचा मुलगा कामसू आहे. त्याने प्रत्येक खोक्याचा बारकोड स्कॅन करून आवक नोंदवली आणि आकडा 63 वर गेला. कोणीही एक नग विकत न घेता आठवड्यात 23 नगांची भर! बारावं खोकं अजून वाटेत आहे, पण त्याने काय बिघडतं? ते आलं की 64 होतील.

खोकी उघडायची नाहीत, हे सांगायला नकोच. उघडली तर काय निघतं, हे केवळ माहितीसाठी सांगतो. 11 पैकी 5 सीलबंद, हातही न लागलेले. 3 वापरलेले, त्यात एकाच्या पात्यात कोणाची तरी दाढी शाबूत. 2 चेपलेले, एकाची बॉडी तडकलेली. आणि उरलेल्या खोक्यात ट्रिमर आहे खरा, पण तो तुम्ही विकलेला नव्हेच. ग्राहकाने आपला जुना, मेलेला ट्रिमर नव्या खोक्यात घालून पाठवला आहे. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि आतल्या वस्तूवरचा नंबर पडताळले असते तर हे लगेच कळलं असतं; पण मग ग्राहकावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं, आणि आपण संस्कारी माणसं.

तर विकण्याजोगे नग 45, आणि स्क्रीनवर 63. एखादा शंकेखोर माणूस म्हणेल, मोजणी करा. जरूर करा! मोजणी हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत सुंदर टप्पा आहे. गोदामात 51 खोकी भरतात, स्क्रीनवर 63 आहेत, 12 कमी. मग ॲडजस्टमेंट करायची, उणे 12, कारण: ‘इतर’. आकडा 51 झाला, रॅकवरही 51, तंतोतंत जुळलं. आता तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता की आमच्याकडे मोजणीत एका नगाचाही फरक येत नाही. त्या 51 मध्ये 6 नग विकण्याच्या लायकीचे नाहीत, ही गोष्ट मोजणीला कळत नाही, कारण मोजणारा खोकी मोजतो, दाढीचे केस मोजत नाही. दोनदा चढवलेला माल मोजणीत सापडतो. चुकीच्या जागी बसलेला माल सापडत नाही.

आता 50 ऑर्डर आल्या. सिस्टीमने आनंदाने स्वीकारल्या, 51 आहेतच. रॅकवर चांगले 45 आणि वाईट 6. 50 बाहेर काढायचे म्हणजे वाईटांपैकी किमान 5 तरी जाणारच, रॅकवरून माल काढणारा पिकर कितीही देवमाणूस असला तरी. बहुधा सहाही जातील, कारण परत आलेली खोकी सोयीसाठी पुढच्या ओळीत लावलेली असतात. ते नग पुन्हा परत येतील, पुन्हा रिफंड, पुन्हा टिक, पुन्हा आवक. एकच ट्रिमर चार-चार वेळा विकला जातो. इतकी विक्री एका नगातून कोणता उत्पादक काढून दाखवेल? हे प्रकरण ओळखायची खूण अशी की एकाच वस्तूवर रिटर्नचं प्रमाण चढत जातं, तक्रारीत ‘आधीच वापरलेलं’ हे शब्द वारंवार येतात, आणि त्याच वस्तूच्या खात्यात दर मोजणीनंतर उणे ॲडजस्टमेंट दिसते. म्हणून हे तीन अहवाल शेजारी शेजारी कधी ठेवू नका.

या पद्धतीचा आणखी एक फायदा खरेदी खात्याला मिळतो. ‘50 च्या खाली गेले की नवा माल मागवा’ अशी मर्यादा लावलेली असेल, तर 45 ला मागणी गेली असती. 51 मुळे ती गेली नाही. पैसे वाचले. माल संपल्यावर वाचलेले पैसे मोजत बसता येईल.

क्वारंटाइनबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे गैरसमज फार. लोकांना वाटतं, क्वारंटाइन म्हणजे निर्णय होईपर्यंत विक्रीपासून तोडून ठेवलेला माल. त्यासाठी सिस्टीममध्ये वेगळं लोकेशन, त्या लोकेशनवरून पिकिंग बंद, गोदामात कुलूपबंद जाळी, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी: केव्हा ठेवलं, का ठेवलं, कोणी निर्णय द्यायचा. किती ही कटकट! तुमच्याकडे एक कोपरा असेलच, जिथे ‘नंतर बघू’ असा माल साठतो. तोच क्वारंटाइन. चिठ्ठी नको, तारीख नको. सिस्टीममध्ये तो विक्रीयोग्यच राहू द्या, म्हणजे घाईच्या दिवशी पिकरला रॅकवर नग सापडला नाही की तो कोपऱ्यातून उचलेल. तारीख लिहिली की कोणीतरी विचारणार, हे खोकं पाच महिने इथे का पडलंय? न लिहिलेल्या तारखेला वय नसतं.

समजा, तीन ग्राहकांनी कळवलं की चार्जिंग करताना ट्रिमर तापतो. घाबरट विक्रेता अशा वेळी काय करतो? त्या तिघांचे नग कोणत्या बॅचचे होते ते पाहतो आणि त्या बॅचचा सगळाच माल अडवतो: परत आलेलाच नव्हे, तर रॅकवरचा नवाकोरा, सीलबंदसुद्धा, कारण बॅटरीतला दोष सील बघून येत नाही. आधी अडवतो, मग तपासतो, पुरवठादाराचं उत्तर येईपर्यंत सोडत नाही. तुम्ही या संकटातून सहज सुटू शकता. आवक करताना बॅच नंबर लिहूच नका आणि परत आलेला माल सगळ्या बॅचमध्ये मिसळून टाका. मग अडवायचं तर सगळंच अडवावं लागेल, आणि सगळं अडवणं परवडत नाही, म्हणून काहीच अडवावं लागणार नाही.

खराब मालाचं कारण नोंदवणंही टाळा. यादीत डझनभर कारणं असली तरी बोट ‘इतर’वरच पडलं पाहिजे. कारणांना पाय फुटतात हो! ‘वाहतुकीत चेपलं’ लिहिलंत तर कोणी विचारेल, कुरिअरकडे भरपाई मागितली का? त्यासाठी बाहेरच्या खोक्याचे, आतल्या पॅकिंगचे फोटो लागतात, आणि तेही दाव्याची मुदत संपायच्या आत. ‘कारखान्यातला दोष’ लिहिलंत तर तो नग पुरवठादाराकडे परत धाडून क्रेडिट नोट घ्यावी लागेल. ‘पॅकिंग अपुरं’ लिहिलंत तर दोष तुमच्याच घरात निघेल. ‘इतर’ कोणाकडे बोट दाखवत नाही. अट एवढीच की सगळं नुकसान मुकाट्याने तुम्ही सोसायचं.

हिशेबनीस मध्येच तोंड घालेल. तो म्हणेल, तडकलेला ट्रिमर पूर्ण खरेदी किमतीने स्टॉकमध्ये दाखवता येत नाही. आयएएस 2 हे लेखामानक सांगतं की साठा खरेदी किंमत आणि विकून निव्वळ हाती येणारी किंमत, यांत जी कमी असेल तिनेच दाखवायचा. त्याला चहा पाजा. तडकलेला नग वेगळा नोंदवलेलाच नसेल, तर त्याची किंमत कमी कशी करणार?

विरोधी पक्षाची पद्धतही सांगून टाकतो, म्हणजे तुमच्याकडे चुकून कोणी राबवू लागलं तर ओळखता येईल. ही मंडळी रिफंडला स्टॉकपासून तोडतात. रिफंडने पैशाची नोंद होते, नगाची नाही. दारावर खोकं आलं की ते आवकेत धरतात, पण ‘तपासणी बाकी’ या लोकेशनवर, जिथून विक्री होत नाही. मग एक माणूस खोकं उघडतो, नंबर पडताळतो, चार्जर-कंगवे मोजतो, आणि नग दुसऱ्या लोकेशनवर हलवतो. आपल्या उदाहरणात 5 विक्रीयोग्य, 3 क्वारंटाइन, 2 खराब, 1 ‘वाद चालू’. तो शेवटचा तर आपल्या ट्रिमरच्या मोजणीत धरतच नाहीत, कारण तो आपला माल नाही. बाकी दहांच्या या हलवाहलवीत एकूण आकडा बदलत नाही. विक्री सोडली, तर तो घटतो फक्त माल मोडीत काढला किंवा पुरवठादाराकडे गेला तेव्हाच, आणि तेही कोणाच्या तरी सहीने. रोज संध्याकाळी ते दोन याद्या शेजारी लावतात: रिफंड दिलेले आणि खोकं आलेले. पहिलीत आहे, दुसरीत नाही, असं बारावं खोकं त्यांना त्याच दिवशी दिसतं. कुरिअरला फोन जातो.

अशी माणसं गोदामात दिसली तर त्यांची तत्काळ बदली करा. विक्री विभागात नको, तिथे ती ग्राहकाला खरा आकडा सांगतील.