झिप केल्याने व्हिडिओ लहान होत नाहीत

‘विसर्जनाच्या व्हिडिओंचं फोल्डर झिप करा, निम्म्या जागेत बसतं.’ सांगलीतल्या मंडळांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय.

तसं होत नाही. ८ जीबीचं फोल्डर झिप केलं तरी जवळजवळ ८ जीबीच राहतं, कारण दाबण्याचं काम मोबाईलने चित्रीकरणावेळीच उरकलेलं असतं. फुल एचडीची एक फ्रेम कच्च्या स्वरूपात सुमारे ३ एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ९० एमबीहून जास्त. प्रत्यक्षात मोबाईल सेकंदाला साधारण २ एमबीच लिहितो. कृष्णेचा घाट प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा न लिहिता हललेली माणसं आणि पाणी एवढाच फरक साठवला जातो. डोळ्याला न जाणवणारे बारकावेही गाळले जातात.

झिप शोधतं ती फाइलमधली पुनरावृत्ती, तीही नेहमीच्या पद्धतीत मागच्या ३२ केबीपुरतीच. इथे पुनरावृत्ती उरलेलीच नसते. एकच व्हिडिओ फोल्डरमध्ये दोनदा असला तरी साध्या झिपला ते कळत नाही, कारण ते प्रत्येक फाइल वेगळी दाबतं. आधी अशा जुळ्या प्रती काढा, खरी जागा तिथेच सुटते.

अनेक फाइल एकत्र पाठवायला झिप जरूर वापरा. आकारच कमी हवा असेल तर हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ एच.२६५ या जास्त दाबणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत पुन्हा एन्कोड करावा लागतो. त्यात दर्जा थोडा तरी घटतोच आणि तो परत मिळत नाही, म्हणून नवी फाइल पूर्ण पाहिल्याशिवाय मूळ पुसू नका.