मिनिट्स कन्फर्म व्हायच्या आधी रेकॉर्डिंग उडवणारा नियम कोणत्या डोक्यातून निघाला?

आमच्या संस्थेच्या ऑफिसने नोटीस काढली आहे. इंदूरमधलं ऑफिस, म्हणजे अर्थातच हिंदीत. ‘समस्त स्टाफ को सूचित किया जाता है’ने सुरुवात, ‘तत्काल प्रभाव से’ने शेवट. मधला मजकूर एवढाच, की टीम्सवर झालेल्या प्रत्येक मीटिंगचं रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप डिलीट होईल, कोणी स्वतःकडे कॉपी ठेवायची नाही, आणि अपवाद हवा असेल तर विहित नमुन्यात अर्ज करायचा.

हे १२० दिवस आले कुठून? कोणी बसून विचार केला, आपल्याकडे कोणत्या मीटिंगा होतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो? छे! टीम्समध्ये हा आकडा आधीपासून भरलेलाच येतो. कोणी हात लावला नाही तर रेकॉर्डिंग १२० दिवसांनी एक्स्पायर होतं. आमच्या ऑफिसने तोच आकडा उचलला, खाली गोल शिक्का मारला आणि त्याला धोरण म्हटलं.

हे नुसतं तत्त्वाचं भांडण नाही, चांगलाच भुर्दंड पडलाय. आमच्या बोर्ड ऑफ स्टडीजची मीटिंग १५ नोव्हेंबर २०२४ला ऑनलाइन झाली. शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टचे गुण कसे वाटायचे यावर भरपूर वाद झाला. उज्जैनहून जोडलेले बाहेरचे सदस्य स्पष्ट म्हणाले की ४० गाइडने द्यावेत आणि ६० बाहेरच्या परीक्षकाने. सगळ्यांनी हो म्हटलं. मिनिट्सच्या मसुद्यात आलं बरोबर उलटं, ६० आत आणि ४० बाहेर. मसुदा ईमेलवर फिरला, सेमिस्टरच्या परीक्षा डोक्यावर होत्या, कोणी नीट वाचला नाही. असंच होतं. म्हणून तर पुढच्या मीटिंगमध्ये पहिला विषय ‘मागील मीटिंगचे मिनिट्स कन्फर्म करणे’ हा असतो. चूक पकडायची जागा तीच.

पुढची मीटिंग झाली ४ जुलै २०२५ला. उज्जैनच्या सरांनी तिथे आकडा पकडला आणि म्हणाले, मी असं बोललोच नाही, रेकॉर्डिंग लावा. टीम्सच्या चॅटमधली जुनी लिंक उघडली, तर फाइल गायब. हिशेब करा ना: १५ नोव्हेंबरपासून १२० दिवस म्हणजे १५ मार्च. त्या दिवशी फाइल रिसायकल बिनमध्ये गेली. तिथे ती आणखी तीनेक महिने पडून राहते, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत. त्यानंतर कायमची गेली. आम्ही शोधायला निघालो जुलैत.

सहा-सात महिन्यांनी भरणाऱ्या मंडळाच्या रेकॉर्डिंगला चार महिन्यांचं आयुष्य! ज्या दिवशी त्याची गरज पडणार तो दिवस उजाडायच्या आत ते मेलेलंच असणार, दर वेळी, न चुकता. हे कळायला आयटीची डिग्री लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आणि मार्च ते जून कोणालाच कसं कळलं नाही? तर एक्स्पायर झाल्याचा ईमेल फक्त फाइलच्या मालकाला जातो. मालक म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्या नावाने मीटिंग लावली तो. आमच्याकडे सगळ्या मीटिंगा बडे बाबूंच्या नावाने लागतात, रेकॉर्डिंग त्यांच्याच वनड्राइव्हमधल्या Recordings फोल्डरमध्ये जातं. विषय मांडणारे आम्ही, सह्या करणारे आम्ही, आणि ‘तुमचं रेकॉर्डिंग गेलं, हवं असेल तर बिनमधून काढा’ हा निरोप बाबूंच्या इनबॉक्समध्ये जीएसटीच्या स्मरणपत्रांखाली दबलेला. बिचाऱ्यांनी उघडलाच नाही. त्यांना तरी काय बोलणार? रिटायरमेंटला आलेला माणूस. (उद्या ते रिटायर झाले, खातं बंद केलं, की त्यांचा अख्खा वनड्राइव्हच जाईल. सेटिंग बदललं नसेल तर खातं काढल्यापासून ३० दिवसांत. त्याबद्दल नोटिशीत एक ओळ नाही.)

आता एवढं रामायण झाल्यावर ऑफिसने काय करायला हवं होतं? आकडा बदलायला हवा होता. अॅडमिनला एक ओळ लिहावी लागते:

```
Set-CsTeamsMeetingPolicy -Identity Global -NewMeetingRecordingExpirationDays 365
```

नव्या रेकॉर्डिंगांना वर्ष मिळालं असतं. जुन्यांना ही ओळ लागू होत नाही, पण त्यांची तारीख मालक स्वतः त्या त्या फाइलच्या तपशिलात जाऊन पुढे ढकलू शकतो. एवढंही न करता ऑफिसने केलं काय, तर ज्या नियमाने घात झाला तोच नियम छापून सगळ्यांना वाटला. वर कॉपी ठेवायलाही बंदी!

विचारलं तर उत्तर, ‘स्टोरेज भर रहा है, सर.’ अहो, टीम्सचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ४०० एमबी होतं. बोर्डाची दोन तासांची मीटिंग ८०० एमबी. वर्षात दोन मीटिंगा, म्हणजे दीड जीबीच्या आसपास. एका टीबीमध्ये अडीच हजार तास मावतात. स्टोरेज खातात ते दिवसदिवस चालणारे वेबिनार आणि सत्कार समारंभ. ते एका महिन्यात उडवा, माझी काही हरकत नाही. दर सोमवारची विभागाची मीटिंगसुद्धा महिन्यात उडवा, १२० दिवस कशाला हवेत?

दुसरं उत्तर ‘प्राइव्हसी’. मान्य. मुलाखतींची, तक्रारींची रेकॉर्डिंगं वर्षानुवर्षं पडून राहू नयेत हे मलाही पटतं. पण २०२३चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो की हेतू संपला की माहिती पुसा, आणि दुसऱ्या कायद्यासाठी ती ठेवणं भाग असेल तर ठेवा. हेतू संपला की! बोर्डाच्या रेकॉर्डिंगचा हेतू मिनिट्स कन्फर्म झाल्यावर संपतो. मग नियम तसा लिहा ना: कन्फर्म झाल्यापासून ३० दिवसांनी डिलीट. मुलाखत असेल तर निकाल आणि अपिलाची मुदत संपल्यावर. घड्याळ कामापासून सुरू करायचं. यांनी सरसकट एक तारीख ठोकली, दुधाच्या पिशवीवर ठोकतात तशी.

आणि मध्येच कोणी माहिती अधिकारात तेच रेकॉर्डिंग मागितलं तर? आमची संस्था सरकारी अनुदानावर चालते, आम्हाला तो कायदा लागू आहे. उत्तराला ३० दिवस, पुढे अपील. मागितलेली माहिती नष्ट केली तर कलम २०खाली माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज आला की डिलीट थांबवायचं, हे कुठेतरी लिहायला नको? आपोआप होणारं डिलीट अर्ज वाचत नाही, साहेब.

शेवटी मी तो अपवादाचा विहित नमुना मागवला. तीन प्रती, विभागप्रमुखांची सही, संचालकांची सही. रेकॉर्डिंग कोणत्या तारखेला उडणार आहे हे ऑफिस सांगणार नाही, ते अर्जदारानेच शोधून भरायचं. रकाना क्रमांक ४ सर्वांत भारी आहे: ‘रिकॉर्डिंग की चालू लिंक संलग्न करें।’ नोव्हेंबरच्या मीटिंगसाठी मी तिथे लिहिलं, ‘लिंक तुमच्या नियमाने खाल्ली.’ अर्ज परत आला आहे. शेरा: ‘अपूर्ण’.