फाटकापाशी पहिला नंबर कसा काढावा

पुण्यातून पूर्वेला निघालेले रूळ घोरपडीपाशी फुटतात. एक वाट दौंडवरून सोलापूरला जाते, दुसरी साताऱ्यावरून मिरजेला. या दोन वाटांच्या आसपास तुम्ही घर घेतलं असेल, तर 'स्टेशन दहा मिनिटांवर' असं वाचूनच घेतलं असणार. ती दहा मिनिटं फाटक उघडं असतानाची. बाकीच्या वेळेसाठी थोडं मार्गदर्शन करतो. परवा संध्याकाळी आमच्या फाटकावर या विषयातल्या सगळ्या दिग्गजांचं एकत्र दर्शन झालं, तेव्हा ज्ञान अगदी ताजं आहे.

सर्वप्रथम, डावीकडे रांग दिसली तर तिच्यात उभे राहू नका. रांग बावळटांसाठी असते. उजवी बाजू पूर्ण मोकळी आहे, ती तुमच्यासाठीच ठेवलेली आहे. सरळ पुढे जा आणि दांड्याला बंपर टेकवून उभे राहा. पलीकडचे लोकही अगदी हेच करत आहेत, पण त्याचा विचार आपण कशाला करायचा? फाटक उघडल्यावर काय ते बघू.

भोंगा वाजू लागला आणि दांडा खाली यायला लागला, की घाबरून ब्रेक मारू नका. वेग वाढवा. तुम्ही निघालात की मागची रिक्षा निघेल, तिच्यामागे स्कूटर, स्कूटरमागे पाण्याचा टँकर. गेटमन हात हलवत ओरडत असतो, त्याला काम काय दुसरं?

त्याला काम काय असतं ते सांगतोच. आपल्याकडच्या वर्दळीच्या फाटकांचं कुलूप आणि गाडीचा सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात. दोन्ही बाजूंचे दांडे पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळूच शकत नाही, आणि सिग्नल दिल्यावर गाडी निघून जाईपर्यंत गेटमनला मनात आलं म्हणून फाटक उघडता येत नाही. म्हणजे दांड्याखाली तुमची गाडी अडकलेली असते तोवर तिकडे सिग्नल लाल. मालगाडीचा ड्रायव्हर लाल सिग्नल बघून गाडी उभी करतो. आता हिशेब करा. भरलेली मालगाडी साधारण सहा-सातशे मीटर लांब असते. ताशी साठच्या वेगात आली असती, तर पाऊण मिनिटात फाटकावरून पार झाली असती. तीच एकदा थांबली, की हजारो टन वजन जागचं हलवून शेवटचा डबा फाटकाबाहेर काढायला चार-पाच मिनिटं सहज जातात. आणि मग फाटक लवकर उघडत नाही म्हणून सगळ्यात मोठ्यांदा हॉर्न कोण वाजवतं? तोच, ज्याच्यामागून निघालेल्या तिघांनी दांडा अडवून ठेवला होता. छे, तो तर कधीच पलीकडे पोचला. वाजवत बसतो त्याच्यामागचा.

परवा हेच झालं. एका पांढऱ्या एसयूव्हीने दांडा अर्ध्यात असताना नाक घातलं, पुढे जागा नव्हती म्हणून ती तिथेच राहिली, मागे घ्यायला स्कूटरवाल्यांनी जागा ठेवली नव्हती. गेटमन बोनेटवर हात आपटतोय. लांब वळणावर मालगाडीचा भोंगा. एसयूव्हीची काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "ए, गाडीला हात नाही लावायचा!" रंगाची काळजी आहे बुवा.

गाडी गेल्यावर लगेच इंजिन चालू करा, ही पुढची पायरी. गेटमन झेंडी घेऊन अजून तसाच उभा आहे, फाटकाच्या चाकाकडे वळलेलाही नाही, म्हणजे उलट्या दिशेने दुसरी गाडी येते आहे, असली निरीक्षणं करण्यात वेळ दवडू नका.

दुचाकी असेल तर आडवी करून दांड्याखालून काढा. रेल्वे कायद्याच्या कलम 147 मध्ये याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. लिहू दे.

आता वळसा. जवळचा पर्याय शोधायचा असेल तर फाटकापाशी पोचल्यावर, पुढे-मागे गाड्या आणि मध्ये दुभाजक असताना फोन काढा. नकाशा सांगेल, पूल इथून दोन किलोमीटरवर. तो हे नाही सांगणार, की तुम्हाला आता वळताच येत नाही. नकाशाला फाटकाचा दांडा दिसत नाही. त्याला दिसतो फोनांचा वेग. फाटक नुकतंच पडलं असेल तर रस्ता निळाच दिसतो, आणि लाल होईस्तोवर तुम्ही त्या लालमध्ये जमा झालेले असता. शिवाय तो दाखवतो ती गल्ली हमखास कुठल्यातरी सोसायटीच्या कुलूपबंद गेटाशी संपते.

ज्यांना खरंच घरी जायचंय त्यांच्यासाठी हळूच सांगतो. वळसा फाटकापासून सुरू होत नाही, फाटकाच्या आधीच्या शेवटच्या चौकापासून सुरू होतो. त्या चौकात समोरून येणारी बाजू बघा. मिनिटभर तिकडून एकही गाडी आली नाही, तर फाटक पडलेलं आहे. एकदम लोंढा आला, तर नुकतंच उघडलंय, जा. रस्ता रिकामा दिसला तर मात्र वळा. आमच्याकडे पुलावरून वळसा साडेचार किलोमीटरचा पडतो, संध्याकाळी पंधरा मिनिटं. एकच गाडी असेल तर थांबलेलं बरं, पण दोन्ही दिशांच्या गाड्या एकामागोमाग आल्या तर पुलावरचा माणूस आधी घरी पोचतो. वळशाची पंधरा मिनिटं निदान पंधराच असतात.

भुयारी मार्ग जवळ असेल तर उंचीची कमान बघून घ्या, आणि पावसाळ्यात तो विसरा.

पूल का होत नाही, हे विचारू नका. त्याचंही गणित आहे. दिवसाच्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची. तो आकडा लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्याने निम्मा-निम्मा खर्च उचलायचा पूल पात्र ठरतो. या मोजणीत दुचाकी पाव वाहन धरतात. पुण्यात! पात्र ठरल्यावर जमीन, वीजवाहिन्या, जलवाहिन्या, लष्कराची हद्द, निविदा. म्हणजे तुमचं सध्याचं वाहन भंगारात जाईल, तोवर फाटक राहणार आहे.

आणि राहणार आहे, तर जरा माणसासारखं वागा ना! दोन्ही बाजूंनी पूर्ण रस्ता भरून समोरासमोर उभे राहता, दांडा उठतो, आणि तोंडाला तोंड लावून कुणीच हलत नाही. परवा रूळ मोकळे होते, दांडे वर होते आणि तरी दहा मिनिटं एक चाक पुढे सरकलं नाही. तेवढ्यात पुढच्या गाडीचा भोंगा. गेटमन एकटा, तो फाटक बंद कसं करणार, रुळांवर तुम्ही उभे! ही रेल्वेची चूक नाही, महापालिकेचीही नाही. पूल झाला असता तर त्याच्या तोंडाशीही तुम्ही उजवीकडूनच घुसला असता. डावीकडे एका ओळीत थांबायचं, पलीकडे तुमची गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत रुळांवर चाक घालायचं नाही, दांडा हलला की आहे तिथे थांबायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? आणि तो हॉर्न बंद करा आधी. मालगाडी ऐकत नाही, पुढचा स्कूटरवाला ऐकतोय, आणि त्याच्या मागे लहान पोर बसलंय.