काका, ती पांढरी जागा मुद्दाम सोडलीये

लोकांना वाटतं जाहिरातीच्या धंद्यात आयडिया सुचणं अवघड असतं. सुचते हो, रिक्षात बसल्याबसल्या पण सुचते. खरा घाम फुटतो तो ती आयडिया एखाद्या भांड्यांच्या दुकानदाराला, त्याच्याच दुकानात, गिऱ्हाईक चालू असताना समजावून सांगताना. कॉर्पोरेटवाले निदान एसी रूम देतात आणि नंतर ईमेलवर नाही म्हणतात. हे काका तोंडावर नाही म्हणतात आणि वर चहा पाजतात, त्यामुळे नीट चिडताही येत नाही.

तर पुण्यात पेठेतलं दुकान. पितळ, तांबं, स्टील, सगळं. काकांचं म्हणणं एवढंच होतं की लग्नसराई संपली की आषाढात दुकान झोपतं, ते गौरी-गणपतीपर्यंत काही उठत नाही, त्याचं काहीतरी करा. आणि काय करायचं तेही त्यांनीच ठरवून ठेवलेलं, 'सर्व भांड्यांवर १०% सूट'. मला फक्त ते मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं होतं. बाजूला त्यांच्या वडिलांचा फोटो, त्याखाली त्यांचा स्वतःचा, चार फोन नंबर, आणि तळाला 'आमची कोठेही शाखा नाही'.

मी लॅपटॉप काउंटरवर उघडला. काकांनी तो उचलून बाजूला ठेवला कारण तिथे एका बाईंना कढया बघायच्या होत्या. मग मी तो स्टीलच्या पिंपावर ठेवला, तर दुकानातले मामा आले आणि म्हणाले मॅडम हे पिंप विकलं गेलंय. शेवटी काकांनी बिलबुकाचा कार्बन लागलेला कागद पुढे सरकवला. "यावर सांगा. जे कागदावर सांगता येत नाही ते आपल्याला नको."

मी म्हटलं ठीक आहे, मग आधी तुमच्या सुटीचाच हिशेब करू. हजाराचं पातेलं तुम्हाला साडेसातशेला पडतं असं धरा, म्हणजे सुटतात अडीचशे. दहा टक्के सूट दिलीत की गिऱ्हाईकाला ते नऊशेला मिळतं आणि तुमच्या हातात उरतात दीडशे. म्हणजे आधी तीन पातेल्यांत जे सुटत होतं त्याला आता पाच विकायला लागणार. सूट दहा टक्के दिसते पण तुमच्या कमाईतले चाळीस टक्के गेले.

काकांनी कागद स्वतःकडे फिरवला, परत बेरीज-वजाबाकी केली (माझ्या गणितावर विश्वास नव्हता, त्यात काही वावगं नाही) आणि म्हणाले, "हे मला माहितेय. पण सगळेच देतात."

हेच तर. सगळेच देतात, मग तुमच्याकडे का यावं? आणि धनत्रयोदशीला तर लोक काहीही झालं तरी भांडं घेतातच, तेव्हा दिलेली सूट म्हणजे जो येणारच होता त्याला वर पैसे देणं. आपल्याला असा माणूस आणायचाय जो येणारच नव्हता. जो स्टीलचा डबा मॉलमधून घेतो नाहीतर ऑनलाइन मागवतो. त्याला असं काय देता येईल जे मॉलमध्ये मिळत नाही आणि कुरिअरने पाठवता येत नाही?

इथे मी नाट्यमय पॉझ घेतला. त्या पॉझमध्ये एका आजोबांनी तांब्याचं भांडं टिचकी मारून वाजवून बघितलं, भाव विचारला, "छे" म्हणाले आणि गेले. पॉझ वाया गेला.

"कल्हई," मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले.

आता यामागचा विचार खरंच चांगला होता म्हणून सांगते. पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये माळ्यावर पितळेची पातेली पडलीयेत. आईच्या लग्नातली, आजीच्या लग्नातली. वापरत का नाही विचारलं की एकच उत्तर, कल्हई कोण करणार. आणि कल्हईशिवाय पितळेत आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, त्यामुळे पातेलं दिसायला कितीही राजेशाही असलं तरी त्यात माणूस फार तर रोप लावणार. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन गल्लीत यायचा, आता तो येत नाही, म्हणून पातेलं माळ्यावर. तर आपण म्हणायचं, पातेलं खाली काढा, दुकानात आणा, कल्हई आमच्याकडून. एका घराला एक भांडं, फुकट.

"फुकट," काका म्हणाले. तो शब्द त्यांनी चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. "मॅडम, मी भांडी विकतो. तुम्ही लोकांची जुनी भांडी नवी करून देताय. मग माझं कोण घेणार?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, रात्री आरशासमोर उत्तराची तयारी पण झाली होती. माळ्यावरचं पातेलं तुमच्याशी स्पर्धा करतच नाहीये काका, ते रिटायर झालंय. आणि मुद्दा पातेल्याचा नाहीच, मुद्दा फेऱ्यांचा आहे. कल्हईला टाकलेलं भांडं लगेच मिळत नाही. माणूस एकदा द्यायला येणार आणि एकदा न्यायला येणार. सूट वाचून आलेला एकदाच येतो, आपला दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा खुशीत असतो कारण आजीचं पातेलं आतून चांदीसारखं दिसतंय. त्याच वेळी त्याला झाकण लागतं, डाव लागतो, झारा लागतो. शिवाय पावतीवर नाव-नंबर येतो, तो धनत्रयोदशीला मेसेज करायला कामाला येतो.

खर्चाचं पण कागदावर मांडलं. एका भांड्याला दीडशे धरा, शंभर भांडी, पंधरा हजार. तुम्हाला शंभरात पंचवीस सुटतात, म्हणजे पंधरा हजार भरून यायला साठ हजारांचा माल जायला हवा. शंभरातल्या तीस जणांनी दोन-दोन हजारांचं काही घेतलं की झालं. आणि कुणीच काही नाही घेतलं तर? पंधरा हजार गेले, पण शंभर भांड्यांवर थांबले. सुटीला असं झाकण नसतं, जेवढं विकाल तेवढं जातं.

काका गप्प होते. मला वाटलं जिंकले. ते मामांकडे वळले आणि म्हणाले, "मामा, कल्हईवाले बसणार कुठे?"

यानंतर जे झालं त्याला प्रेझेंटेशन म्हणत नाहीत, उलटतपासणी म्हणतात. आषाढात पाऊस, उघड्यावर भट्टी कशी पेटणार? आणि आडोशाला बसवलं तर नवसागर टाकल्यावर जो पांढरा धूर येतो तो शेजारच्या साडीच्या दुकानात गेला तर भांडण कोण करणार, तुम्ही? कथील कुठलं वापरणार, कारण स्वस्तात करणारे त्यात शिसं मिसळतात आणि ते पोटात जातं, तेव्हा कथील मी आणून देणार, त्यांच्यावर सोडणार नाही. दहा इंचापर्यंतचं पातेलं म्हणताय ना, तसं छापा, नाहीतर लोक घंगाळं घेऊन येतील. मी म्हटलं घंगाळाला कशाला कल्हई लागते. "लागत नाही," काका म्हणाले, "पण फुकट आहे ना."

मग सगळ्यात भारी प्रश्न. शंभर पातेली एकसारखी दिसतात. कुणाचं कुठलं कसं कळणार?

मी उत्साहाने म्हटलं, जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात की!

काकांनी चष्मा काढला. "मॅडम, त्यावर नाव देणाऱ्याचं असतं. आहेर असतो तो. एकाच आत्याबाईंनी सात भाच्यांना सात पातेली दिलेली असतात, साती पातेल्यांवर आत्याबाईच."

मग मी म्हटलं चिठ्ठी बांधू. मामा पहिल्यांदाच हसले, कारण चिठ्ठी बांधून पातेलं भट्टीवर ठेवलं तर काय उरणार. शेवटी मामांनीच सुचवलं की काठावर बाहेरून बारीक पंचने नंबर ठोकायचा आणि तोच पावतीवर लिहायचा, आणि गिऱ्हाईकासमोर ठोकायचा, नाहीतर नंतर म्हणतील भांडं खराब केलं. हे मला कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात सापडलं नसतं.

आणि एक वाद असा होता की त्यात काकाच बरोबर होते. कल्हई काही कायम टिकत नाही. वापराप्रमाणे काही महिन्यांनी उडते, तारेच्या घासणीने घासली तर आणखी लवकर. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं गॅसवर ठेवून कुणी फोनवर बोलत बसलं तर कल्हईचं काय होणार ते उघड आहे. "मग शिव्या मला," काका म्हणाले. म्हणून पावतीच्या मागे तीन ओळी छापायच्या ठरल्या, रिकामं तापवू नका, तारेने घासू नका, आतून पितळ दिसायला लागलं की परत आणा. तिसरी ओळ लिहिताना काका थबकले. "परत आणलं की पैसे घ्यायचे ना?" घ्यायचे काका. तेव्हा घ्यायचे. ते पहिल्यांदा जरा पुढे झुकून बसले, आणि मग त्यांनी स्वतःच जोडलं की दहातलं एखादं तरी पातेलं चिरलेलं नाहीतर भोक पडलेलं निघणारच, त्याला कल्हई करून उपयोग नाही, ते मोडीत घ्यायचं आणि फरक घेऊन नवीन द्यायचं. पाच मिनिटांत ही आयडिया त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली वाटायला लागली. माझी काही हरकत नव्हती, क्लायंटला आयडिया स्वतःची वाटली की बिल लवकर पास होतं असा माझा समज आहे.

मग मी जाहिरात दाखवली. एक जुनं काळवंडलेलं पातेलं, वर 'आजीचं पातेलं खाली काढा', खाली 'कल्हई आमच्याकडून', दुकानाचं नाव, एक नंबर. बाकी मोकळं.

"हे काय?" काकांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

काका, ती पांढरी जागा मुद्दाम सोडलीये. पेपरच्या पानावर आजूबाजूला सगळ्यांची गचडी असते, तिथे डोळा जिथे मोकळं असतं तिथे जातो.

"पण पेपरवाला चौरस सेंटिमीटरवर पैसे घेतो. या पांढऱ्याचे पण घेणार ना?"

घेणार.

"मग भरा की."

यावर जगात कुणाकडे उत्तर असेल तर कळवा. बराच वेळ घासाघीस झाली. वडिलांचा फोटो दुकानातल्या बोर्डवर गेला, काकांचा स्वतःचा फोटो रद्द (त्यांना मनातून बरंच वाटलं असावं), चारपैकी दोन नंबर उडाले, आणि 'आमची कोठेही शाखा नाही' राहिलं. ते मी सोडलं. काही गोष्टींवर पुण्यात भांडत नाहीत.

काम कसं झालं ते कसं कळणार, तर काउंटरवर एक वही. भांडं न्यायला आलेल्याने काही घेतलं की पावती नंबरासमोर रक्कम लिहायची, आणि महिनाअखेरीला साठ हजारांशी ताडून बघायचं. वहीचं काम मामांकडे, कारण काकांच्या मते ते कुणालाच घाबरत नाहीत, काकांना पण नाही.

सगळं ठरलं आणि मी माझ्या फीचा कागद पुढे केला. काकांनी तो वाचला, उलटा केला, पाठीमागे काही नाही बघून परत सुलटा केला.

"यात दहा टक्के कमी करा."

मी म्हटलं काका, आत्ताच तर दोघांनी बसून हिशेब केला ना, दहा टक्के सुटीने कमाईतले चाळीस टक्के जातात म्हणून!

"तो भांड्यांचा हिशेब," काका शांतपणे म्हणाले. "त्यात साडेसातशेचा माल होता. तुमचा माल कुठाय?"

सात टक्क्यांवर मिटलं. चेक मिळाला, तारीख गणपतीनंतरची.