'ही'नंतर 'गो'? होय, आणि तेच बरोबर

इंग्रजी लिहिणाऱ्यांना दिला जाणारा एक सल्ला: «'आय सजेस्ट दॅट ही गो' ही सरळ चूक आहे. कर्ता 'ही' असला की क्रियापदाला एस लागतोच, म्हणून 'ही गोज' लिहा. 'इफ आय वेअर यू' हीही जुनी फॅशन. आता सगळीकडे 'वॉज' चालतं. सब्जंक्टिव्ह मेलाय.»

एसचा नियम खरा आहे, पण तो घडणारी गोष्ट सांगणाऱ्या वाक्यांचा. सूचना, मागणी, शिफारस, आग्रह यांत गोष्ट घडलेली नसते, ती घडावी एवढंच म्हणणं असतं. तिथे क्रियापद मूळ रूपात राहतं; हाच सब्जंक्टिव्ह. मराठीतही आपण 'त्याने जावे' म्हणतो, 'तो जातो' नाही.

क्रियापदाचं रूप बदललं तर काय बिघडतं? संस्थेच्या हिशेबाचा अहवाल घ्या. 'द ऑडिटर सजेस्टेड दॅट द ट्रेझरर कीप अ सेकंड रजिस्टर' म्हणजे खजिनदाराने दुसरी वही ठेवावी, असा सल्ला. 'कीप'च्या जागी 'केप्ट' लिहा, आणि खजिनदार चोरून दुसरी वही ठेवत होता असा संशय ऑडिटरने व्यक्त केला, असं वाचलं जाईल. 'सजेस्ट'चे हे दोन्ही अर्थ रोजच्या वापरातले आहेत. कोणता घ्यायचा ते पुढचं क्रियापद सांगतं. 'इन्सिस्ट'चंही तसंच: 'दॅट ही बी प्रेझेंट' ही मागणी, 'दॅट ही इज प्रेझेंट' हा दावा.

शंका आली तर क्रियापदाआधी 'शुड' घालून पाहा. अर्थ तोच राहिला तर मूळ रूप बरोबर. ब्रिटिश लेखनात पुष्कळदा हा 'शुड' उघडच लिहितात, अमेरिकन लेखनात मूळ रूप जास्त दिसतं, आणि विसाव्या शतकात तिथे त्याचा वापर उलट वाढला. तेव्हा मेल्याची बातमी जरा घाईची. नकार करताना मात्र 'डझ नॉट' आणू नका: 'दॅट ही नॉट गो'. कानाला विचित्र लागतं, पण नियमात आहे. आणि यातून सुटायला आपल्याकडे 'आय सजेस्टेड हिम टू गो' लिहितात, ते तर प्रमाण इंग्रजीत बसतच नाही.

'वॉज'बद्दल अर्धं मान्य. बोलताना 'इफ आय वॉज यू' सर्रास ऐकू येतं; औपचारिक लेखनात 'वेअर'च शोभतं. पण 'इफ' गाळून 'वेअर ही टू रिझाइन' अशी सुरुवात केली, तर तिथे 'वॉज' बसवताच येत नाही.

उलटी चूकही होते. हे 'वेअर' खऱ्या नसलेल्या, नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीसाठी असतं. काल तो ऑफिसात होता की नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणजे तो असूही शकतो. तिथे 'इफ ही वॉज इन द ऑफिस यस्टर्डे, ही सॉ द नोटीस' हेच बरोबर. 'इफ' दिसला की 'वेअर' टाकणारे नेमके इथे चुकतात.